नोय्यलचे बिल कोणाच्या नावावर?



मालाचा भाव उत्पादनखर्च भरून काढणारा असला पाहिजे, ही आपली मागणी जुनीच आहे. त्यामुळे खर्च म्हणजे काय, हे आपल्याला कोणी शिकवायला नको. बियाणे, खत, मजुरी, बैलांची वैरण, भांडवलावरचे व्याज, घरच्या माणसांचे कष्ट, असे पिकामागे जे जे जाते ते सगळे मांडायचे आणि मगच भावाचे बोलायचे. या वेळी आम्ही त्याच हिशेबाची दुसरी बाजू तपासणार आहोत. एखादा कारखाना माल तयार करतो, पण त्या मालाचा काही खर्च तो स्वतः भरतच नाही. तो खर्च दुसऱ्याच कोणाच्या तरी विहिरीत, शेतात, गोठ्यात जाऊन पडतो. मालाच्या भावात तो दिसत नाही, कारखान्याच्या वहीत सापडत नाही आणि गिऱ्हाइकाला तर त्याची वार्ताही नसते. अर्थशास्त्रात याला ‘बाह्य खर्च’ म्हणतात. आपल्या भाषेत सांगायचे तर सौदा दोघांचा आणि भुर्दंड तिसऱ्याला.

बाजार असा आंधळा का होतो, हा प्रश्न आपण टाळून चालणार नाही. जो बाजाराच्या बाजूने बोलतो त्यानेच याचे उत्तर आधी दिले पाहिजे. उत्तर शोधण्यासाठी आम्ही तमिळनाडूतील तिरुपूरची हकीकत निवडली आहे. एक तर तिथले शेतकरी पंधरा वर्षे न्यायालयात लढले आणि त्या लढ्याचे आकडे कागदावर आले. दुसरे म्हणजे कापड रंगवण्याचा तोच धंदा आपल्या इचलकरंजीतही आहे आणि तिथून पंचगंगेच्या खालची गावे काही दूर नाहीत.

अर्धा किलो मीठ

नोय्यल ही लहानशी नदी. कोइमतूरच्या पश्चिमेला सह्याद्रीच्या डोंगरात उगम पावते, पूर्वेकडे वाहत तिरुपूरमधून जाते आणि करूर जिल्ह्यात कावेरीला मिळते. तिच्या काठाला भात, हळद, केळी, नारळ पिकत आले. तिरुपुरात बनियन, टी-शर्ट अशा विणलेल्या सुती कपड्यांचा धंदा वाढला आणि १९८०नंतर परदेशी निर्यातीने तर त्याला भरतीच आली. निर्यातीचा माल रंगीत हवा, म्हणून रंगाईचे आणि ब्लीचिंगचे कारखाने उभे राहिले. त्यांची संख्या सातशेच्या वर गेली.

रंगाईत काय होते ते नीट समजून घेऊ, कारण सगळी मेख तिथेच आहे. सुती कापडाला पक्का रंग देणारे जे रंग वापरतात ते पाण्यात सहज विरघळतात आणि धाग्याला लवकर धरत नाहीत. ते पाणी सोडून धाग्यावर बसावेत म्हणून त्या पाण्यात मीठ घालतात, साधे मीठ किंवा ग्लॉबर सॉल्ट म्हणजे सोडियम सल्फेट. गडद रंगाला लिटरमागे ५० ते ८० ग्रॅम मीठ लागते. एक किलो कापड आठेक लिटर रंगाच्या पाण्यात बुडते असे धरले, तर किलोभर कापडाला साधारण अर्धा किलो मीठ झाले.

या मिठाचे काम फक्त रंग ढकलण्याचे. ते कापडात राहत नाही. रंग बसला की धुण्याच्या पाण्याबरोबर ते जसेच्या तसे बाहेर पडते. सगळ्या धुण्या धरून किलोमागे ८० लिटर सांडपाणी निघाले, तर त्याच्या प्रत्येक लिटरात सहा ग्रॅम मीठ असते. कायद्याने ठरवलेली क्षारांची मर्यादा लिटरला २,१०० मिलिग्रॅम, म्हणजे दोन ग्रॅमच्या थोडी वर आहे.

तिरुपूरचा धंदा जोरात होता तेव्हा रोज आठ कोटी लिटरच्या वर सांडपाणी नोय्यलमध्ये जात होते. आठ कोटी लिटर गुणिले सहा ग्रॅम. हा हिशेब ढोबळ असला तरी उत्तर पाहण्यासारखे आहे: रोजचे ४८० टन मीठ. दहा टनी ट्रक धरले तर रोज ४८ ट्रक मीठ त्या लहानशा नदीत ओतले जात होते. तेवढे ट्रक भर दुपारी नदीकाठी येऊन खरोखरच रिकामे झाले असते, तर गावोगावचे लोक काठ्या घेऊन धावले असते. तेच मीठ पाण्यात विरघळून आले म्हणून वर्षानुवर्षे चालले.

शेतकऱ्याच्या अंगावर किती पडले

हे पाणी शेतात गेले म्हणजे काय होते? एका एकराला पाच सेंटिमीटरची एक पाळी द्यायची तर दोन लाख लिटर पाणी लागते. नदीच्या पाण्यात मिसळून त्याचा खारेपणा निम्म्यावर आला, लिटरला तीन ग्रॅम राहिला असे समजू. दोन लाख लिटर म्हणजे ६०० किलो मीठ झाले. एका पाळीला एका एकरात पन्नास किलोची बारा पोती मीठ! पीक पाणी पिऊन घेते, ऊन पाणी ओढून नेते, मीठ मात्र जमिनीतच राहते. दुसऱ्या पाळीला आणखी बारा पोती.

पुढची गोष्ट आपल्या कृष्णाकाठच्या क्षारपड पट्ट्यातील शेतकऱ्याला सांगायला नको. बांधावर पांढरा थर येतो. केळीच्या आणि नारळाच्या पानांचे शेंडे करपतात. मिठातला सोडियम मातीचे कण सुटे करतो, ओली असताना जमीन चिखल होते, वाळली की दगड होते, पाणी वर साचून राहते. चोपण झालेली जमीन सुधारायला जिप्सम घालावे लागते, चर काढून निचरा करावा लागतो आणि वर गोड्या पाण्याने मीठ धुऊन काढावे लागते. पण गोडे पाणीच नसेल तर जिप्समही वाया जाते. नोय्यलकाठी नदीबरोबर विहिरीही मचूळ झाल्या. नदी सोडून विहिरीकडे वळायची वाटही बंद झाली.

या सगळ्यावर कळस म्हणजे ओरतुपालयमचे धरण. तिरुपूरच्या खाली नोय्यलवर हे धरण १९९०च्या दशकाच्या सुरुवातीला पुरे झाले, ते हजारो एकरांना पाणी देण्यासाठी. त्यात साठले ते कारखान्यांचे सांडपाणी. थोड्याच वर्षांत अशी वेळ आली की धरणाखालचे शेतकरीच म्हणू लागले, आम्हाला हे पाणी सोडू नका. आपल्याकडे पाणी सोडा म्हणून मोर्चे निघतात, तिथे सोडू नका म्हणून दाद मागावी लागली. ज्या धरणाचे पाणी लाभधारकांनाच नको झाले, त्या धरणाचा तोटा कोणत्या बनियनच्या किमतीत धरला होता? एकाही नाही.

सौद्याला तिसरा माणूस नसतो

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. बाजाराने हा खर्च का पाहिला नाही?

बाजारातला भाव हा दोघांचा करार असतो. विकणारा आपला खर्च पाहतो, घेणारा आपली गरज आणि खिसा पाहतो. दोघांचे जमले की भाव ठरतो. हा भाव पुष्कळ काही सांगतो. कापूस किती आला, सूत किती महाग झाले, मजूर मिळतात की नाही, हे सगळे भावात उतरते, कारण कापूसवाला, सूतवाला आणि मजूर यांना पैसे मोजल्याशिवाय त्यांची वस्तू मिळत नाही. नदी मात्र पैसे मागत नाही. नदीचे स्वच्छ पाणी वापरून खराब करायला कोणाची परवानगी विकत घ्यावी लागली नाही, म्हणून त्याची किंमत शून्य धरली गेली. ज्याची किंमत शून्य, ते बेसुमार वापरले जाणारच. यात रंगाईवाल्याच्या मनात पाप होते असे समजण्याचे कारण नाही.

किंबहुना तो भला माणूस असता तरी फरक पडला नसता. तिरुपूरचे बहुतेक रंगाईवाले दुसऱ्याचे कापड किलोच्या दराने रंगवून देणारे. समजा त्यातल्या एकाने ठरवले की आपण मीठ काढूनच पाणी सोडायचे. सांडपाण्यातले मीठ पूर्णपणे वेगळे करायला लिटरला साधारण २० पैसे खर्च येतो असे धरू. ८० लिटरचे १६ रुपये झाले. म्हणजे त्याचा रंगाईचा दर किलोमागे १६ रुपयांनी चढला. किलोभर कापडात सहा बनियन होतात असे म्हटले तर बनियनमागे पावणेतीन रुपये. पावणेतीन रुपयांनी बनियन घेणाऱ्याचे काही बुडत नाही. पण कापड रंगवायला देणारा निर्यातदार त्याच दिवशी शेजारच्या कारखान्यात जातो, कारण तिथे १६ रुपये वाचतात. भला माणूस धंद्यातून उठतो आणि नदीत मीठ पडायचे ते पडतच राहते. स्पर्धा ही चांगली गोष्ट आहे, पण स्पर्धा मोजल्या जाणाऱ्या खर्चातच काटकसर शिकवते. जो खर्च मोजलाच जात नाही, तो दुसऱ्यावर जास्तीत जास्त ढकलणारा तिथे जिंकतो.

केंब्रिजचे अर्थशास्त्रज्ञ पिगू यांनी १९२०च्या आपल्या ग्रंथात ही गोष्ट मांडली. आगगाडीच्या इंजिनाच्या ठिणग्यांनी रुळाशेजारची झाडी जळते, पण ते नुकसान रेल्वेच्या खर्चात येत नाही, हे त्यांचे एक उदाहरण. त्यांचा उपाय असा की जेवढे नुकसान दुसऱ्याचे होते तेवढी पट्टी करणाऱ्यावर बसवा, म्हणजे तो आपोआप हिशेब करू लागेल.

रोनाल्ड कोस यांनी १९६० साली वेगळाच प्रश्न विचारला. त्यांचे उदाहरण तर थेट आपल्या बांधावरचे आहे. एकाची गुरे दुसऱ्याच्या पिकात शिरतात. कोस म्हणाले, हक्क कोणाचा हे स्पष्ट असेल आणि दोघांना बसून बोलायला फारसा खर्च येत नसेल, तर ते आपसातच मिटवतील. कुंपण स्वस्त पडत असेल तर कुंपण होईल, पिकाची भरपाई स्वस्त पडत असेल तर भरपाई होईल. खरेच आहे. गावात असे तंटे पंच रोज मिटवतात.

पण कोस यांच्या त्या दोन अटी नोय्यलच्या काठी लावून पाहा. स्वच्छ पाण्यावर हक्क कोणाचा, हे कोणी ठरवलेच नव्हते. आणि बोलणी करणार कोण, कोणाशी? एका बाजूला सातशेच्या वर कारखाने, दुसऱ्या बाजूला हजारो शेतकरी. माझ्या विहिरीतले मीठ नेमके कोणाच्या हौदातले, हे ब्रह्मदेवालाही सांगता येणार नाही. पुढे नुकसानभरपाई ठरवण्यासाठी नेमलेल्या प्राधिकरणाने २००२ ते २००४ या काळाचे नुकसान मोजले. २८ हजारांहून जास्त शेतकरी आणि सुमारे २५ कोटी रुपये. भाग देऊन पाहा, दोन वर्षांहून अधिक काळासाठी माणशी पावणेनऊ हजार रुपये पडतात. एवढ्या रकमेसाठी एकटा शेतकरी मद्रासला वकील लावील काय? वकिलाची फी आणि रेल्वेचे भाडे यातच ती संपेल. नुकसान एकूण अवाढव्य, पण प्रत्येकाच्या वाट्याला थोडे. फायदा मोजक्यांचा, पण प्रत्येकाचा भरघोस. तिसऱ्या माणसाचा आवाज बाजारात का उमटत नाही, त्याचे कारण हे आहे. त्याला नुकसान नाही असे नव्हे, त्याला एकट्याने बोलणे परवडत नाही.

रंग गेला, मीठ राहिले

मग सरकार काय करत होते? कायदा होता. जलप्रदूषणाचा केंद्रीय कायदा १९७४चा आहे. राज्यात प्रदूषण नियंत्रण मंडळ होते. १९९६ साली करूर भागातील शेतकरी उच्च न्यायालयात गेले आणि १९९८ साली न्यायालयाने कारखान्यांना सांडपाण्यावर प्रक्रिया करायला सांगितले. अनेक कारखान्यांनी मिळून सामायिक प्रक्रिया केंद्रे उभारली. त्यात चुना, फेरस सल्फेट आणि क्लोरीन घालून पाणी निवळत असत. त्याने रंग तळाशी बसतो, पाणी डोळ्यांना बरे दिसते. पण विरघळलेले मीठ चुन्याने खाली बसत नाही. उलट प्रक्रियेसाठी घातलेल्या पदार्थांनी क्षारांत भरच पडते. केंद्रे उभी राहिली, कर्जे निघाली, उद्घाटने झाली आणि नदीतले मीठ होते तेवढेच राहिले. रंग दिसतो म्हणून रंगावर इलाज झाला. मीठ दिसत नाही आणि शेतकऱ्याला मारतो तो मीठच.

मोजण्यातही एक खोट आहे. मर्यादा लिटरमागे ठरवलेली असते, एकूण मिठावर नाही. सहा ग्रॅमच्या पाण्यात दुप्पट गोडे पाणी ओतले की लिटरला दोन ग्रॅम होतात आणि तपासणी पार पडते. मीठ तेवढेच, वर गोडे पाणीही वाया. म्हणून कोणी ‘आमचे पाणी मर्यादेत आहे’ असे सांगितले की पहिला प्रश्न विचारायचा: रोज किती लिटर सोडता? लिटरातले ग्रॅम आणि एकूण लिटर यांचा गुणाकार केल्याशिवाय हिशेब पुरा होत नाही.

सहा पैसे की वीस पैसे

२००३ साली नोय्यलच्या लाभक्षेत्रातील शेतकऱ्यांची संघटना पुन्हा मद्रास उच्च न्यायालयात गेली. मधल्या काळात एक मोठी गोष्ट घडली होती. १९९६ साली सर्वोच्च न्यायालयाने वेल्लोरच्या चामड्याच्या कारखान्यांच्या खटल्यात ‘प्रदूषण करील तो भरील’ हे तत्त्व या देशाच्या कायद्याचा भाग आहे असे सांगितले होते. भरपाई मोजणारे प्राधिकरणही त्याच निकालातून आले. हक्क कोणाचा, या कोस यांच्या प्रश्नाला अखेर उत्तर मिळाले.

डिसेंबर २००६मध्ये उच्च न्यायालयाने मुदत घातली. कारखान्यांनी सांडपाणी नदीत सोडणे पूर्ण थांबवायचे आणि तोवर जानेवारी २००७पासून लिटरला सहा पैसे दंड, तो वाढत दहा पैशांपर्यंत. पिगू यांची पट्टी जणू पहिल्यांदा नोय्यलवर लागली. पण आकडे शेजारी ठेवून पाहा. दंड सहा ते दहा पैसे, मीठ काढायचा खर्च वीस पैसे. कापडाच्या किलोमागे दंड पावणेपाच ते आठ रुपये, प्रक्रिया सोळा रुपये. धंदेवाईक माणूस काय करील? न्यायालयाच्या लेखी तो दंड थोड्या महिन्यांसाठी होता. पण धडा कायमचा आहे. दंड प्रक्रियेच्या खर्चाहून कमी असेल तर तो दंड राहत नाही, ते नदी वापरण्याचे भाडे होते.

कारखानदार सर्वोच्च न्यायालयात गेले. ऑक्टोबर २००९मध्ये तिथेही त्यांच्याविरुद्ध निकाल लागला. तरीही पाणी वाहतच राहिले, तेव्हा २८ जानेवारी २०११ रोजी उच्च न्यायालयाने तिरुपूरचे सगळे रंगाई कारखाने बंद करण्याचा आदेश दिला. गावाचा धंदा ठप्प झाला, कामगारांचे हाल झाले. ते आम्ही नाकारत नाही. रोजगार बुडेल या भीतीनेच आधीची वीस वर्षे सगळे गप्प होते. पण शेतमजुराचा रोजगार नोय्यलच्या खाली आधीच बुडाला होता, त्याची नोंद कोणी केली नव्हती, एवढाच फरक.

आणि मग जे झाले ते आमच्या मते या हकीकतीतले सर्वांत मोलाचे आहे. सगळ्यांनाच एकदम तीच अट लागू झाली, शेजाऱ्याकडे १६ रुपये वाचण्याची सोय राहिली नाही, तेव्हा मीठ वेगळे करण्याची यंत्रणा खरोखर उभी राहिली. पाणी आधी जिवाणूंनी शुद्ध करायचे, मग बारीक पडद्यातून दाबाने गाळायचे, मागे उरलेले दाट खारे पाणी आटवायचे आणि त्यातून मीठ काढायचे. सांडपाण्याचा नव्वद टक्क्यांहून जास्त भाग असा परत वापरात येतो. काढलेले ग्लॉबर सॉल्ट पुन्हा रंगाईतच वापरतात. वीस वर्षे जे मीठ फुकट फेकायचे होते, त्याला फेकण्याची किंमत पडताच ते विकत घेण्याजोगी वस्तू झाले. बाजार आंधळा नव्हता. त्याच्यापुढे आकडाच ठेवला नव्हता. आकडा ठेवला की तोच बाजार उपाय शोधतो.

सगळे गोड झाले असे मात्र नाही. राज्य सरकारने प्रक्रिया केंद्रांना बिनव्याजी कर्ज दिले, म्हणजे प्रदूषणाचे काही बिल करदात्याने भरले. पाणी आटवायला लाकूड आणि कोळसा जळतो. अनेक रंगांचे मिसळलेले मीठ परत वापरता येत नाही, त्याचे ढीग साठतात. काही रंगाई दुसऱ्या जिल्ह्यांत, दुसऱ्या नद्यांच्या काठी निघून गेली. एका नदीला नियम आणि दुसरीला मोकळीक असेल तर खर्च नाहीसा होत नाही, गाव बदलतो. आणि जी जमीन चोपण झाली, ती नदीत मीठ थांबले त्या दिवशी सुधारत नाही.

आपल्या दारातला हिशेब

हे सगळे तमिळनाडूचे म्हणून वाचून सोडून द्यायचे नाही. रंगाई इचलकरंजीत आहे, हे आम्ही वर म्हटलेच आहे. पण त्याहून अवघड गोष्ट आपल्या साखरपट्ट्यात आहे. मळीपासून अल्कोहोल काढणाऱ्या आसवनीतून एक लिटर अल्कोहोलमागे दहा-बारा लिटर काळे सांडपाणी निघते, त्याला स्पेंट वॉश म्हणतात. रोज तीस हजार लिटर अल्कोहोल काढणाऱ्या आसवनीचे ते तीन लाख लिटरच्या वर झाले. ते नदी-नाल्यात सोडायचे नाही, हे २००३ साली केंद्राने उद्योगांबरोबर केलेल्या सनदेतच ठरले आहे. ते साठवायच्या हौदाला तळाशी पक्के अस्तर नसेल, तर ते जमिनीतून खालच्या विहिरीत झिरपते.

इथे कारखाना कोणा परक्याचा नसतो. तो सहकारी असेल तर सभासद आपणच. उसाला टनामागे जो भाव मिळतो त्यात खालच्या गावाच्या विहिरीचे पैसे मिसळलेले असतील, तर तो भाव आपण कमावलेला नाही, शेजाऱ्याच्या खिशातून काढलेला आहे. तिरुपूरच्या कारखानदाराला जे माप लावले तेच आपल्या कारखान्याला लावायचे. सर्वसाधारण सभेत रिकव्हरी आणि भाव यांच्याबरोबर हाही प्रश्न विचारायचा: आसवनीचे सांडपाणी रोज किती, जाते कुठे, आणि त्याचा खर्च ताळेबंदात कोणत्या नावाखाली आहे?

जिल्हा बैठकांसाठी

नोय्यलच्या शेतकऱ्यांकडून घेण्यासारखे आहे ते हे की त्यांचे नुकसान मोजले गेले तेव्हाच ते बोलू लागले. म्हणून आम्ही बैठकांपुढे तीन कामे ठेवत आहोत.

पहिले, विहिरींची नोंदवही. सांडपाणी जिथे मिसळते त्याच्या वरच्या अंगाची एक विहीर आणि खालच्या अंगाच्या दोन, अशा तीन विहिरी निवडा. वरची विहीर महत्त्वाची, कारण ‘तुमच्याकडचे पाणी पहिल्यापासूनच खारे’ या उत्तराला ती उत्तर आहे. पावसाळ्याआधी आणि नंतर पाण्याची विद्युतवाहकता, म्हणजे ईसी, मोजा. खिशात मावणारे मीटर मिळते. आलेल्या डेसिसायमनच्या आकड्याला ६४० ने गुणले की लिटरमधले क्षार अंदाजे मिलिग्रॅममध्ये कळतात. आकडा तीनच्या वर गेला तर ते पाणी बहुतेक पिकांना धोक्याचे.

दुसरे, वर्षातून एकदा प्रयोगशाळेची तपासणी. मीटर फक्त क्षार किती ते सांगते, कोणते ते सांगत नाही. सोडियम, क्लोराईड, सल्फेट तपासून घ्या. बाटली त्याच पाण्याने तीनदा विसळून काठोकाठ भरा, तारीख आणि विहिरीचा गट नंबर लिहा, दोन साक्षीदारांच्या सह्या घ्या. पीक करपले असेल तर त्याच आठवड्यात पंचनामा मागा.

तिसरे, दावा एकट्याने नाही, गटाने. २०१०च्या कायद्याने राष्ट्रीय हरित लवाद आला आणि त्याचे पश्चिम विभागाचे पीठ पुण्यात आहे. नुकसानभरपाईचा अर्ज मूळ कारण घडल्यापासून पाच वर्षांत करावा लागतो. नोंदवही आजपासून सुरू केली नाही, तर ती मुदत पुरावा गोळा करण्यातच निघून जाईल. आणि अर्जात नुसती भरपाई मागू नका. सोडलेल्या पाण्यावर पट्टी मागा, आणि ती प्रक्रियेच्या खर्चाहून जास्त मागा. सहा पैशांचा दंड मागणाऱ्याला नदीचे भाडे मिळते, नदी मिळत नाही.

आपल्या मालाला खर्चाइतका भाव मागताना आपण म्हणतो, आमच्या कष्टांवर दुसऱ्याने स्वस्ताई करू नये. कारखान्याच्या मालाबद्दलही आपली मागणी एवढीच आहे. त्याने आपला सगळा खर्च आपल्या वहीत लिहावा, आमच्या विहिरीत नाही.